धागा: २० जूनची केळीरोपं ६ जुलैला जाणार, हे गिऱ्हाइकाला नेमकं कसं सांगायचं?

हिरवीशेड (रावेर तालुका)

नर्सरीचं बुकिंग आणि वह्या मी बघते. एका शेतकरी आप्पांचं दोन एकरांचं बुकिंग आहे. अंतर ५ बाय ५, म्हणजे एकरी १७४२ धरून ३५०० टिश्यूची रोपं. तारीख दिली होती २० जून. आज ९ जून आहे आणि रोपं २० ला तयार होत नाहीत हे स्पष्ट दिसतंय. लॅबचे ट्रे आमच्याकडे १२ दिवस उशिरा आले, मग पिशवीत गेल्यावर मेच्या उन्हात वाढ अडकली.

शेडमधली मंडळी म्हणतात, "अजून ११ दिवस आहेत, आत्ताच कशाला सांगायचं? १८ तारखेला बघू." मालक म्हणतात, लॅबमुळे झालं असं सरळ सांगून टाक. मला दोन्ही पटत नाही. फोन कधी करावा, तारीख कोणती द्यावी, आणि लॅबचं नाव घ्यावं की नाही? जाणकारांनी लिहावं.

शेवभाजी_जळगाव

माझंही हेच झालं होतं ताई. ऑनलाइन मागवलेला कूलर 'उद्या येणार, उद्या येणार' करत मे संपल्यावर आला. तक्रार कुठे करावी हे कुणाला माहीत आहे का?

चटईवाला

@शेवभाजी, ताईंना कूलर विकत घ्यायचा नाही, त्या देणाऱ्या बाजूला आहेत. वेगळा धागा काढा.

ताई, आमच्या धंद्यात एक साधा उपाय चालतो. मनात जी तारीख असेल तिच्यात १५ दिवस मिळवून सांगायचं. माल आधी पोचला की गिऱ्हाईक खूश, आणि पुढची ऑर्डर पक्की. २१ जुलै सांगा, ६ ला द्या.

केळीवाला_यावल

चटईला ते चालेल, केळीला नाही. २१ जुलै ऐकलं की आप्पा त्याच दिवशी दुसऱ्या नर्सरीत जाणार, कारण मृगबाग जुलैच्या मध्यापर्यंत उरकायची असते. आणि न जाता थांबले, तर मजुरांची टोळी २१ ची ठरवतील. मग तुम्ही ६ ला गाडी उभी केली तर रोपं उतरवायची कुठे? बेडवर तण, टोळी दुसऱ्याच्या शेतात, आणि रोपं बांधावर उन्हात. लवकर देणं हाही तारीख मोडण्याचाच प्रकार आहे.

घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. उशीर कळला की पहिला विचार येतो टोळीचा. मुकादमाला विसार दिलेला असतो. आठ-दहा दिवस आधी कळलं तर तो टोळी दुसरीकडे फिरवतो आणि विसार पुढच्या तारखेला धरतो. दोन दिवस आधी कळलं तर विसार गेला. त्यामुळे "१८ ला बघू" म्हणणारे आप्पांचे पैसे घालवायला निघालेत, स्वतःचे नव्हे.

तापीकाठ

फोन आजच करा. पण त्याआधी तारीख काढा, कारण तारखेशिवाय केलेला फोन म्हणजे नुसती काळजी पोचवणं. आणि तारीख रोपांकडून काढायची, कॅलेंडरकडून नाही.

लागवडीला जाणारं रोप म्हणजे साधारण ३० सें.मी. उंच, बुंधा बोटभर जाड झालेला आणि ५ पूर्ण उघडलेली हिरवी पानं. पोंगा मोजायचा नाही. सुरळी अर्धी सुटली असली तरी ती पान धरायची नाही. निम्म्या चुका इथेच होतात. शेडवरचा माणूस पोंगा धरून "पाच पानं झाली" म्हणतो आणि एक आख्खं पान, म्हणजे सात ते दहा दिवस, हिशोबातून गायब होतात.

ताई, तुमच्या लॉटची मोजणी झाली आहे का? कडेच्या रांगेतली नको. कडेच्या रोपांना उजेड जास्त मिळतो, ती फसवतात.

हिरवीशेड

झाली आहे तापीकाका. लॉट ३९०० चा आहे. आतल्या रांगांतल्या १०० पिशव्यांना रिबन बांधली आहे. ३० मे ला मोजल्या, आज पुन्हा मोजल्या. आज ४ पानांची ३४, ३ पानांची ५८, २ पानांची ८. दहा दिवसांत बहुतेक रोपांना एकेक पान आलं. सरासरी सव्वातीन पानं होते.

तापीकाठ

सरासरी बाजूला ठेवा. सरासरीने तारीख काढली की अर्ध्या गाडीत कच्ची रोपं जातात. एकेक गट धरून चला.

तुमच्या वेगाने एका पानाला दहा दिवस. ४ पानांची रोपं १९ जूनला पाचवर येतील. ३ पानांची २९ जूनला. २ पानांची ९ जुलैला, त्यांची वाट बघायची नाही, ती बाजूला काढायची. ३९०० मधून ८ टक्के गेली तरी साडेतीन हजारांवर थोडी उरतात, आप्पांचं भागतं. म्हणजे तारीख ठरवणारा गट ३ पानांचा, आणि त्याचा दिवस २९ जून.

पण २९ जून ही देण्याची तारीख नाही. शेडनेटखालचं रोप तसंच उघड्या शेतात नेलं तर दोन दिवसांत पान भाजून पांढरं पडतं. शेवटचा आठवडा नेट हळूहळू काढावं लागतं. आधी फक्त सकाळ-संध्याकाळचं ऊन, मग दिवसभर. २९ पासून सहा दिवस धरले की ५ जुलै. ६ ला पहाटे गाडी. तुमच्या शीर्षकातला ६ जुलै बरोबर निघतो. बहुतेक तुम्ही हाच हिशोब केला आहे.

हिरवीशेड

हो, पण नेटचे दिवस मी अंदाजानेच धरले होते. एक शंका आहे. पाऊस पडला की वाढ जोरात होते. मग वेग दहाऐवजी सात दिवसांचा धरू का? तारीख २९-३० जूनपर्यंत मागे येईल.

तापीकाठ

नको. पडलेल्या पावसावर हिशोब करावा, पडणाऱ्या पावसावर नाही. वेग वाढला तर रोपं दोन दिवस नेटबाहेर जास्त राहतील, त्यात नुकसान काही नाही. आणि पुढच्या मोजणीला नवं पान ओळखायचं तर आत्ताच्या सगळ्यात वरच्या पानावर मार्करचा ठिपका द्या. खालचं पान वाळून गळलं तर आकडा तोच दिसतो, आणि वाढच झाली नाही असं वाटतं.

अमळनेरचा_सुतार

एवढा हिशोब कशाला? थोडी लहान रोपं द्या, तारीख पाळली असं होईल. शेतात जाऊन वाढतातच की. लग्नाचं कपाट आम्ही पॉलिशचा शेवटचा हात न देता पोचवतो, नंतर घरी जाऊन मारतो.

केळीवाला_यावल

तात्या, कपाटाला ऊन लागत नाही. तीन पानांचं रोप २० जूनला उघड्या बेडवर लावलं आणि पावसाने आठ दिवस ओढ दिली, तर शंभरातली किती उभी राहतील याची हमी कोण देणार? मग नांग्या भरायच्या. नांग्यांची रोपं मागे राहतात, कापणीला घड एका वेळी येत नाहीत, आणि व्यापारी थोड्या मालासाठी गाडी आणत नाही. तारीख पाळल्याचं समाधान नर्सरीला, भोग वर्षभर शेतकऱ्याला.

अमळनेरचा_सुतार

हे मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. पॉलिशचा मात्र नाही.

हिशोबी_काकू

आता लॅबच्या प्रश्नावर. मी मालकांच्या बाजूने आहे. ट्रे खरंच उशिरा आले, वहीत नोंद आहे. खरं सांगितलं तर तो दोष देणं कसं? आपण खोटं का अंगावर घ्यायचं?

तापीकाठ

खोटं अंगावर घ्या असं कुणी म्हणत नाही काकू. पण बघा. ट्रे बारा दिवस उशिरा आले ते एप्रिलअखेर. त्या दिवशी २० जून जमणार नाही हे वहीवरून कळत होतं. लॅबने बारा दिवस घेतले, पण आप्पांना न कळवता सव्वा महिना आपण घालवला. आप्पांना जो त्रास आहे तो दुसऱ्या भागाचा आहे.

आणि व्यवहाराची बाजू. लॅबचं नाव घेतलं की आप्पा पुढचा प्रश्न विचारणार, "लॅबमध्ये काय गडबड झाली? रोपात रोग तर नाही?" आपल्याकडे सीएमव्हीची धास्ती घेतलेले शेतकरी कमी नाहीत. उशिराचा फोन बघता बघता रोपाच्या दर्जाचा फोन होतो. संध्याकाळी पारावर "त्या नर्सरीची लॅब बिघडली" अशी बातमी फिरते, आणि ज्यांची रोपं वेळेवर आहेत त्यांचेही फोन सुरू होतात. लॅबशी भांडण असेल तर ते बिलात करा, आप्पांच्या कानात नको.

सुकीनदी

आणि उन्हाचं कारण तर मुळीच नको. खानदेशात मे महिन्यात ऊन पडलं, ही काय बातमी आहे? 😄 आप्पा त्याच उन्हात उभे आहेत. "उन्हामुळे" ऐकलं की ते म्हणतील, मग बुकिंग घेताना मे महिना वहीत नव्हता का?

हिशोबी_काकू

उन्हाचं मान्य. पण कारण अजिबात न सांगता नुसतं "उशीर होतोय" म्हटलं तर माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. मी स्वतः गिऱ्हाईक असते तर भडकले असते.

तापीकाठ

बरोबर. म्हणून कारण द्यायचं ते रोपाच्या अवस्थेचं. "रोपं आज तीन पानांवर आहेत, पाच पानं झाल्याशिवाय मी शेतात पाठवत नाही." यात कुणाचं नाव नाही, आणि तारीख कशावरून आली तेही कळतं. माझी कसोटी अशी: ते वाक्य काढून टाकलं तर तारीख समजायला अडचण होते का? होत असेल तर वाक्य ठेवा. फक्त आपली मान सुटत असेल तर काढा.

भरीतपार्टी

तुम्हनं म्हननं पटस माले काका. पन फोनवर पहिलं वाक्य काय? राम राम झाल्यावर पंधरा मिनिटं पावसापाण्याचं बोलून मग हळूच सांगायचं, हीच आपली रीत शे ना!

हिरवीशेड

मी असं ठरवलं होतं: आधी विचारायचं, "आप्पा, बेड झाले का? बेसल डोस टाकला का? टोळी कधीची आहे?" त्यांची तयारी कळली की मग तारीख सांगायची.

केळीवाला_यावल

नका ताई. हे उलटं पडतं. आप्पा म्हणाले, "बेड अजून बाकी आहेत," आणि तुम्ही लगेच म्हणालात, "मग बरं झालं, रोपंही ६ जुलैला आहेत," तर उशिराचं खापर त्यांच्याच बेडवर फुटल्यासारखं वाटतं. आधी तुमची तारीख सांगा, मग त्यांची तयारी विचारा. तेव्हा तोच प्रश्न काळजीचा वाटतो.

तापीकाठ

केळीवाले दादांशी सहमत. पहिल्या दोन वाक्यांत तीन गोष्टी: जुनी तारीख, ती होणार नाही, नवी तारीख. मी असं बोललो असतो:

"राम राम आप्पा. तुमची ३५०० रोपं २० जूनला देतो म्हणालो होतो, ती २० ला होत नाहीत. ६ जुलैला सकाळी सातपर्यंत देतो. आज बहुतेक रोपं तीन पानांवर आहेत, पाच पानं आणि आठवडाभर ऊन मिळाल्याशिवाय पाठवणार नाही. हे मी तुम्हाला एप्रिलअखेरच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ती माझी चूक. तुमची टोळी कधीची ठरली आहे?"

मग गप्प बसायचं. आप्पा रागावतील, ते ऐकून घ्यायचं. रागाच्या मध्येच "पण लॅब..." असं तोंडून निघालं की वरचं सगळं वाया.

'लवकरच', 'एक-दोन दिवस इकडेतिकडे', 'पाऊस पडला की लगेच' हे शब्द अजिबात नकोत. आपल्याकडे "एक-दोन दिवस" म्हणजे आठवडा, हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही.

सुकीनदी

एक राहिलं. ६ जुलैला गाडी पोचणार कुठे? पाऊस झालेला असेल तर काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर आयशर रुतते. तारखेसोबत जागाही सांगा: "डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत", आणि तिथून ट्रॅक्टर कुणाचा तेही. नाहीतर ६ ला गाडी फाट्यावर, रोपं शेतात ८ ला, आणि आप्पांच्या हिशोबात तारीख पुन्हा मोडली.

माझ्या मते ८ जुलैच सांगा. ६ मध्ये एकही दिवस शिल्लक नाही.

तापीकाठ

६ मध्ये एक दिवस आहे, पण तुमचं म्हणणं चुकीचं नाही. मी ६ म्हटलं असतं. दुसऱ्यांदा तारीख बदलणं पहिल्यापेक्षा महाग पडतं हे मात्र खरं.

चटईवाला

म्हणजे मी १५ दिवस सांगितले ते चूक, आणि यांनी २ सांगितले ते बरोबर. वा!

सुकीनदी

माझे दोन चिखलाचे आहेत भाऊ, मोजून. तुमचे पंधरा कशाचे ते सांगा.

हिशोबी_काकू

पैशांचं कुणीच बोललं नाही. ॲडव्हान्स घेतलेला आहे. आप्पा म्हणाले बुकिंग रद्द, तर?

केळीवाला_यावल

ते त्यांनी मागायच्या आधी आपण म्हणायला हवं: "थांबायचं नसेल तर ॲडव्हान्स अमुक तारखेला परत." त्यालाही दिवस सांगायचा. टोळीचा विसार बुडाला तर तो नर्सरीने द्यावा असं माझं मत आहे.

हिशोबी_काकू

विसाराचं मला मान्य नाही. एकाला दिला की उरलेले सगळे मागतील. फोनवर तर शब्द देऊच नये.

हिरवीशेड

फोन केला. सगळ्यांचे आभार, आता सांगते काय झालं.

तारीख ८ जुलै दिली, फाट्यापर्यंत. @सुकीनदी, आमच्या बाजूचा शिवाररस्ता आठवला आणि तुमचं पटलं. लॅबचं नाव घेतलं नाही. आप्पा चिडले, पण ॲडव्हान्स परत मागितला नाही. टोळी २२ जूनची होती, मुकादमाला आजच सांगतो म्हणाले. विसाराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. ते बरोबर केलं की नाही, माहीत नाही.

मग त्यांनीच विचारलं, "जी तयार होतील ती आधी द्या ना." ४ पानांची रोपं धरली तर लॉटमध्ये १३२६ निघतात. १९ ला पाच पानं, आठवडा उन्हात, म्हणजे २६ जूनला देता येतील. देऊ का?

तापीकाठ

१३२६ मध्ये एक एकर भरत नाही, ४१६ कमी पडतात. त्यांचे व्हॉल्व्ह कसे आहेत ते विचारा. एकराला एक व्हॉल्व्ह असेल तर त्याच एकरात पाऊण भाग २६ जूनचा आणि पाव भाग ८ जुलैचा होईल. ठिबकमधून खत सोडताना दोन्हींना एकच डोस जाणार, आणि बारा दिवसांचं अंतर पुढे निसवणीपर्यंत दिसत राहणार. एका व्हॉल्व्हवर दोन वयाची रोपं नकोत. अर्ध्या एकराचे व्हॉल्व्ह असतील तर ८७१ द्या, एक व्हॉल्व्ह पूर्ण भरेल. उरलेली मोठी रोपं ८ ला सगळ्यांसोबत जाऊ द्या.

केळीवाला_यावल

आणि दोन गाड्यांचं भाडं कुणाचं, ते आधी बोलून घ्या. ८७१ साठी छोटा हत्ती वेगळा लागेल.

हिरवीशेड

व्हॉल्व्ह अर्ध्या एकराचे आहेत. ८७१ रोपं २६ जूनला, उरलेली २६२९ रोपं ८ जुलैला. पहिल्या गाडीचं भाडं आमचं. मालक थोडे कुरकुरले. बोललेलं सगळं व्हॉट्सॲपवर चार ओळींत लिहून पाठवलं: दोन तारखा, दोन आकडे, जागा, भाडं. आप्पांचा अंगठा आला.

हिरवीशेड

१९ जून. पुन्हा मोजणी केली. ३ पानांच्या ५८ पैकी ५३ वर ठिपक्याच्या वर नवं पूर्ण पान आहे. ५ मागे आहेत. तशी १०० मागे ८७ उरतात, म्हणजे लॉटमध्ये ३३९३, आप्पांना १०७ कमी.

तापीकाठ

आत्ता कळलं ते बरं झालं. दुसऱ्या लॉटमध्ये त्याच वाणाची, त्याच वयाची १०७ मिळतात का बघा. मिळाली तर ८ तारीख तशीच राहील, पण आप्पांना सांगून टाका, आणि त्या क्रेटला वेगळी रिबन बांधून द्या. नाही मिळाली तर ३३९३ चा आकडा आजच कळवा, ८ जुलैला फाट्यावर क्रेट मोजताना नको.

हिरवीशेड

मिळाली. शेजारच्या शेडमध्ये १२० निघाली, त्याच वाणाची. आप्पांना कळवलं. जिथे काहीच बदललेलं नाही, अशा बाकीच्या बुकिंगवाल्यांनाही फोन करायचा का?

केळीवाला_यावल

ज्यांची टोळी ठरली आहे त्यांना करा. "तारीख तीच," एवढंच.

शेवभाजी_जळगाव

कूलरचं कुणी सांगितलंच नाही.